ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली आणि एका बाजूला दुखलं, तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांच्या पोटदुखीबद्दल हे पत्र लिहीत आहे. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर ‘दिवस गेलेत का’ हा प्रश्न घरचे विचारत नाहीत, आणि पुष्कळदा डॉक्टरही विचारत नाहीत. गर्भ पिशवीऐवजी गर्भनलिकेत रुजलेला असेल, तर तो न विचारलेला प्रश्न जिवावर बेततो.

अलीकडच्याच एका बाईंची हकीकत सांगते, ओळख पटेल असे तपशील वगळून. वय बत्तीस, दोन मुलं, धाकट्याच्या जन्मानंतर बिनटाक्याचं ऑपरेशन झालेलं. पाळी एरवी वेळेवर यायची. या खेपेला आठ-दहा दिवस लांबली आणि मग थोडंसं काळपट अंगावर गेलं. नेहमीसारखा स्राव नव्हता, नुसते डाग. बाईंनी तीच पाळी धरली. त्याच सुमारास ओटीपोटात उजवीकडे बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ येऊ लागली. पहिल्या दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन मिळालं, दुसऱ्या ठिकाणी मुतखड्याची शंका घेऊन दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या. गोळ्यांनी कळ दबली आणि घरच्यांना वाटलं, उतार पडला. पुढच्या पहाटे शौचाला जोराची भावना झाली म्हणून त्या उठल्या आणि दारातच घेरी येऊन पडल्या. शुद्धीवर आल्यावर म्हणत होत्या, आडवं झालं की खांदा दुखतो.

माझ्याकडे आणलं तेव्हा नाडी १२४ आणि रक्तदाब ९० वर आला होता. लघवीच्या तपासणीत दोन रेघा उमटल्या. सोनोग्राफीत पिशवी रिकामी आणि पोटात रक्त साचलेलं. पोट उघडलं तेव्हा उजवी नळी फुटलेली होती आणि सुमारे दीड लिटर रक्त आत होतं. नळी काढली, रक्त चढवलं, बाई वाचल्या. दोन दिवस आधी लघवी तपासली असती तर हे सगळं बरंच सोपं झालं असतं.

ऑपरेशन होऊनही असं का होतं? बांधलेल्या किंवा जाळलेल्या नळीची टोकं कधी कधी पुन्हा जुळतात किंवा तिथे सुईच्या टोकाएवढी वाट उरते. शुक्रजंतू अतिशय बारीक, तो त्या वाटेने पलीकडे जातो. फळलेलं बीज त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं, ते उलट पिशवीकडे येताना अडकतं आणि तिथेच रुजतं. नळीला पिशवीसारखं ताणता येत नाही, म्हणून सहाव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास तिच्यातून रक्त झिरपू लागतं किंवा ती फुटते.

कुणी ऑपरेशनला घाबरू नये. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ऑपरेशननंतरच्या दहा वर्षांत हजारी सात बायकांना नळीतला गर्भ राहिला. धोका थोडा आहे. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: ऑपरेशन फसून ज्यांना दिवस गेले, त्यांच्यात साधारण दर तिघींपैकी एकीचा गर्भ पिशवीबाहेर होता. एरवी हे प्रमाण शंभरात एक-दोन असतं. शिवाय वर्षं उलटली म्हणून हा धोका कमी होत गेला नाही. ‘आता इतक्या वर्षांनी कसं शक्य आहे’ या बोलण्याला आधार नाही.

अंगावर थोडं जाणं ही सगळ्यात फसवी खूण आहे. नळीतल्या गर्भामुळे पिशवीचं अस्तर सुटतं आणि डाग दिसतात. म्हणून ‘पाळी कधी आली’ एवढंच विचारून भागत नाही. ती वेळेवर आली का, नेहमीइतकी गेली का, हेही विचारावं लागतं. ऑपरेशन न झालेल्या ज्या बायका औषधाच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून घेतात, त्यांचीही याच खुणेने फसगत होते. त्या गोळ्यांनी नळीतला गर्भ पडत नाही. अंगावर मात्र जातं, आणि काम झालं असं वाटतं.

खांदेदुखीचं सांगते, कारण तिचा पोटाशी संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. पोटात साचलेलं रक्त वर सरकून श्वासपटलाला लागतं. तिथल्या आणि खांद्याच्या संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंतून जातात, म्हणून दुखणं खांद्यावर जाणवतं. रक्त खाली साचलं की शौचाला लागल्यासारखं वाटतं. पाळी लांबलेल्या बाईला पोटदुखीबरोबर यांतलं काही झालं किंवा घेरी आली, तर आतमध्ये रक्तस्राव होतो आहे असंच समजावं. तरुण शरीर बराच वेळ रक्तदाब सांभाळून धरतं, पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिनही ठीक दिसू शकतं. नाडीचा वेग आधी वाढतो. अशा वेळी सोनोग्राफीचा नंबर लावत बसू नये. खायला-प्यायला काही न देता १०८ बोलवावी आणि ऑपरेशनची व रक्ताची सोय असेल तिथे थेट न्यावं.

इतकं वाढण्याआधी सापडलं तर वाट वेगळी असते. लघवीची तपासणी पाच मिनिटांची आहे. ‘निश्चय’ किट आशाताईंकडे मोफत मिळतं. फिकट रेघसुद्धा रेघच. रेघ आली की सोनोग्राफीत गर्भ आहे का, यापेक्षा तो कुठे आहे हे पाहायचं. पिशवीत काहीच दिसलं नाही तर ‘अजून लवकर आहे, पंधरा दिवसांनी या’ असं सांगून घरी पाठवू नये. गर्भ राहिल्यावर वाढणारं रक्तातलं बीटा एचसीजी हे संप्रेरक आज आणि पुन्हा अठ्ठेचाळीस तासांनी तपासावं. सुरुवातीच्या निरोगी गर्भात ते तेवढ्या वेळात निदान दीडपट होतं. तसं वाढलं नाही तर गर्भ नळीत असण्याची किंवा पडत असण्याची शंका घ्यावी लागते. वाढलं म्हणून नळीतला गर्भ नाही असंही नाही, म्हणून जागा दिसेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही. नळी फुटलेली नसेल, गर्भ लहान असेल आणि बाई तपासणीला येत राहणार असेल, तर गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवरही काम भागू शकतं. चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासून आकडा उतरतोय ना, हे मात्र बघावंच लागतं.

एक मागणी आहे. ऑपरेशनच्या सरकारी संमतीपत्रात ‘पाळी चुकल्यास दोन आठवड्यांत कळवावे’ अशी अट असते. बाई त्यावर सही किंवा अंगठा करते तो ऑपरेशनचा दिवस असतो. उपाशी पोटी, भेदरलेली, कुशीत तान्हं. ते वाक्य तिच्या ध्यानात राहत नाही. शिवाय त्यात पुढचा मार्ग म्हणून मोफत गर्भपाताचा उल्लेख आहे. नळीतल्या गर्भाबद्दल तिला त्यातून काहीच कळत नाही. घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर ठळक मराठीत छापावं: ‘पाळी आठवडाभर लांबली किंवा वेगळीच आली, आणि ओटीपोटात एका बाजूला दुखलं, तर त्याच दिवशी लघवी तपासा. ऑपरेशन झालंय हे डॉक्टरांना सांगा.’ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाळी येणारी कोणतीही बाई पोट धरून आली, तर इंजेक्शन भरण्याआधी किट वापरण्याची लेखी सूचना जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी काढावी.

आपली,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ, जि. सातारा