माऊची गोष्ट

पुणे, सदाशिव पेठ

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री ओवी माझी गोष्ट अर्धी टाकून उठून गेली आणि तू म्हणालीस, "आई, तिला तुझे मराठी समजत नाही, मी इंग्रजीतली वाचते." त्यावर मी तोडून बोलले, ते बोलायला नको होते. दोन दिवस विचार केल्यावर उमगले की चूक तिच्या मराठीची नव्हती, माझ्या वाक्याची होती.

मी म्हणाले होते, "भूक लागलेल्या सशाला गाजर शोधता शोधता अंधार पडल्यामुळे घराची वाट सापडेना." तिने विचारले, "सशा कोण?" आणि मी तसेच पुढे रेटले. तिला 'ससा' ठाऊक आहे, पण 'सशाला' म्हणताच तो तिच्यासाठी कोणी दुसराच झाला. शिवाय आपले क्रियापद शेवटी येते, त्यामुळे भूक, गाजर, अंधार आणि वाट हे सगळे त्या साडेतीन वर्षांच्या जिवाने 'सापडेना' येईपर्यंत धरून ठेवायचे! चिऊ, काऊ, माऊ यांचे तसे नाही. माऊला, माऊने, माऊची, कसेही म्हटले तरी माऊ माऊच राहते.

म्हणून ही नवी गोष्ट लिहिली आहे.

"माऊ कुठे आहे? आई गच्चीत गेली. 'माऊ, ये ना!' माऊ आली नाही. आई खिडकीपाशी गेली. 'माऊ, ये ना!' माऊ आली नाही. आई टोपलीपाशी गेली. 'माऊ, ये ना!' म्याव! माऊ टोपलीत होती. आई हसली. माऊ झोपली. आई पण झोपली."

तिसऱ्या वेळी फक्त 'माऊ' म्हणून थांब. 'ये ना' ती स्वतः म्हणाली, तर गोष्ट तिच्यापर्यंत पोचली असे समज. नुसती बघत राहिली, तर गच्चीचा भाग गाळून पुन्हा सांग. नवा शब्द 'टोपली' एवढाच आहे. शेवटची तीन वाक्ये हळू आवाजात म्हण आणि आठवडाभर एकही शब्द बदलू नकोस. तू लहान असताना आजींनी एकदा गोष्ट सांगताना 'पाटी'ऐवजी 'सूप' म्हटले, तेव्हा "तसे नाही!" म्हणून तू किती रडली होतीस. त्या रात्री वीज गेली होती आणि तू आजींच्या पदराला धरूनच झोपलीस.

निदान जेवताना तरी घरात मराठी बोलत जा. नाही, हे पुन्हा लिहायचे नव्हते, रागावू नकोस. दिवसभर कामावर असूनही रोज रात्री तू तिला जवळ घेऊन वाचतेस, याचे मला फार कौतुक आहे. फक्त ती मोठी होऊन पुण्याला येईल, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींसमोर गप्प बसून राहू की काय, हा विचार मनातून जात नाही.

बाबांनी मंडईतून छोटी टोपली आणली आहे. रविवारी साडेआठला फोन लाव. गोष्ट तूच सांग, मी टोपली दाखवीन.

तुझी,
आई