मधल्या खळग्याचा बाक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल माझ्या जुन्या शाळेत जाऊन आले. सोबत पाठवलेला फोटो तिथल्या मागच्या खोलीतल्या बाकाचा आहे. तो आपल्या संग्रहात लावण्याआधी त्याखाली दोन ओळी लिहाव्यात म्हणून रात्री बसले आणि पहिल्याच प्रयत्नात "गेले ते दिवस" असे लिहून गेले. लगेच खोडले, कारण ते शब्द कुठल्याही बाकाखाली चालले असते आणि या बाकाबद्दल त्यांत काहीच नव्हते. म्हणून पुन्हा फोटो समोर ठेवला आणि त्यात नेमके काय दिसते आहे ते पाहू लागले.

फोटो मी दोनदा काढला. पहिल्या वेळी फ्लॅश पडला आणि समोरून आलेल्या त्या उजेडात बाकाचा वरचा पृष्ठभाग सपाट, कोरा दिसला. मग फ्लॅश बंद करून खिडकीतून तिरपा येणारा उजेड पुरेसा होईपर्यंत थांबले, तेव्हा प्रत्येक कोरीव रेघेला आपली सावली मिळाली. लाकडाच्या रेषा उंचवट्यासारख्या उठून दिसतात, त्याही त्या उजेडामुळेच. वर्षानुवर्षांच्या हातांनी लाकडातला मऊ भाग झिजतो आणि कठीण भाग मागे उरतो.

कोरलेली अक्षरे मोठी करून पाहा. शिरोरेषा सरळ आणि खोल आहेत, काही तर अक्षर संपल्यावरही पुढे धावत गेल्या आहेत, पण 'ठ' आणि 'ळ' यांची गोलाई मात्र कोनाकोनांनी तुटलेली आहे. लाकडाच्या धाग्याच्या दिशेने कर्कटकाचे टोक आपोआप घसरत जाते, तर धाग्याला आडवे वळताना ते अडखळते. ज्या अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत आणि ज्यांच्या तळाशी काळा मळ बसला आहे ती जुनी; ज्यांच्या कडा अजून धारदार आणि आतले लाकूड फिकट आहे ती अलीकडची. माझे नाव तुला सापडणार नाही. बाईंची भीती होती, म्हणून मी कोरलेच नाही, आणि काल पहिल्यांदाच त्याची हळहळ वाटली.

वरच्या फळीला दोन्ही टोकांना एकेक गोल भोक आहे, ते दौतीसाठी. आमच्या वेळी दौती गेल्या होत्या, पण भोकाभोवतीचा शाईचा डाग तेव्हाही होता आणि आजही आहे. तो गोल नाही, फळीच्या लांबीच्या दिशेने पसरट आहे, कारण भोक पाडताना लाकडाचे धागे कापले जातात आणि सांडलेली शाई त्या उघड्या टोकांतून धाग्यांच्या वाटेने आत शिरते.

दौती दोन, म्हणजे बाक दोघांसाठी केलेला. आता खाली, पाय टेकवण्याच्या आडव्या पट्टीकडे पाहा. हा भाग फोटोत अंधारात गेला आहे, म्हणून थोडा उजळून पाहा. तिथे खळगे तीन आहेत: कडेचे दोन रुंद, आणि मधला अरुंद, पण खोलीला त्यांच्याइतकाच. पायांना चिकटून आलेली बारीक वाळू लाकडावर पॉलिशकागदासारखी घासते, त्यामुळे बसण्याच्या फळीपेक्षा ही पट्टी कितीतरी लवकर झिजते. मधली जागा अरुंद, तिथे पाय जोडूनच ठेवावे लागत, म्हणून खळगाही अरुंद.

त्या मधल्या जागेवर मी बसत असे. दोन्ही बाजूंना मैत्रिणी होत्या. लिहिताना उजवीकडचीचे कोपर माझ्या वहीवर येई आणि माझे डावीकडचीच्या. भोवती कोणी नव्हते, तेव्हा काल मी तिथे बसून पाहिले. गुडघे वरच्या फळीला टेकले, पण टाचा अंधारात न चाचपडता त्या खळग्यात जाऊन बसल्या.

त्यानंतर खाली "आमच्या तिघींचा बाक" असे लिहिले. तेही खोडावे लागले. एका वर्षात तीन मुलींच्या पायांनी लाकूड इतके झिजत नाही, आणि मला पक्के आठवते की मी पहिल्या दिवशी पाय टेकवले तेव्हाही तो खळगा तिथे होता. माझ्या आधी कितीतरी मुले मध्ये दाटीवाटीने बसली असणार आणि नंतरही बसली. मी नाव कोरले नाही, तरी त्या खळग्यातली माझी एका वर्षाची झीज आहेच, फक्त ती इतरांच्या झिजेपासून वेगळी काढता येणार नाही. ही गोष्ट लक्षात आल्यावर मी बराच वेळ काही लिहिले नाही.

शेवटी ठरलेली ओळ अशी आहे, ती तुझ्या चांगल्या अक्षरात फोटोखाली लिही: "दौती दोन, पायांचे खळगे तीन. मधल्या खळग्यात एक वर्ष माझेही पाय होते." फोटोच्या मागे पेन्सिलने कालची तारीख घाल आणि तो छापून घेताना खालची पट्टी कापली जाणार नाही एवढे पाहा.

तुझी,
आई