आधी नाडी, मग स्टेथो

अंबाजोगाई

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

प्रॅक्टिकलला बीपी आलं तर सोपं जाईल, असं तू परवा फोनवर म्हणालीस. सोपं आहेच, म्हणून तर पोरी घाई करतात आणि चेकलिस्टवरच्या पायऱ्या गळतात. इतकी वर्षं मी वॉर्डात बीपी घेते, त्यातलं तुझ्या परीक्षेला लागेल तेवढं लिहिते.

परीक्षेत खाटेवर बहुतेक आपल्याकडच्याच एखाद्या खेड्यातल्या मावशी असतील. हात धुऊन जवळ जा, नाव सांग, काय करणार ते सांग आणि विचार, "मावशी, अर्ध्या तासात चहा घेतला का? तंबाखू, मिश्री?" मिश्रीचं आवर्जून विचार. बायका आपण होऊन सांगत नाहीत, आणि तिच्यातल्या तंबाखूनं बीपी चढतं. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन येऊ दे. मावशी खाटेवर मांडी घालून बसल्या असतील, तर पाय खाली सोडायला सांग, पायांखाली स्टूल दे, पाठीला टेका दे. हात उशीवर, छातीच्या उंचीला. हात खाली लोंबत राहिला तर आकडा खोटाच वाढतो. ब्लाऊजची घट्ट बाही वर गुंडाळलीस तर तीच दंडाला आवळते, म्हणून आडोसा करून बाही काढायला सांग. कफची खालची कड कोपराच्या खळग्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वर येऊ दे.

आता पोरी सगळ्यात जास्त चुकतात ती पायरी. स्टेथो कानाला लावण्याआधी मनगटाची नाडी बोटांनी धर आणि कफ फुगव. नाडी जिथे लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेव, हवा पूर्ण सोड आणि मिनिटभर थांब. मग खळग्यातल्या धमनीवर स्टेथो ठेवून त्या आकड्याच्या 30 वर फुगव.

समज, मावशींचं खरं बीपी 168/92 आहे. काही पेशंटचे ठोके मधेच बंद होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. या मावशींचे 150 ला बंद होऊन 134 ला परत येतात. तू अंदाजानं 145 पर्यंतच फुगवलंस, तर आधी काहीच ऐकू येणार नाही आणि पहिला ठोका 134 ला लागेल. तू लिहिशील 134/92, आणि इतकं चढलेलं बीपी कागदावर येणारच नाही. तेच बोटांनी नाडी 164 ला गेलेली कळली असती, तर तू 194 पर्यंत फुगवलं असतंस आणि 168 चा ठोका हुकला नसता. "आधी नाडी का बघायची?" या प्रश्नाला एवढंच उत्तर दे, पण आकड्यांसकट दे.

हवा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर अशी सोड. पहिला ठोका तो वरचा आकडा, ठोके पूर्ण थांबले तो खालचा. डायलवरची एकेक रेघ दोनाची असते. 165 लिहिलंस तर तू रेघ न बघता अंदाज केलास, हे परीक्षकांना लगेच कळेल.

सराव मैत्रिणीसोबत कर. तिच्या हातात चेकलिस्ट दे आणि तुझं होईपर्यंत तिला अजिबात बोलू देऊ नकोस. सुरुवातीला प्रत्येक पायरी तोंडानं म्हणत कर. परीक्षक जे बघतात किंवा ऐकतात त्यालाच टिक करतात; तुझ्या बोटांना धमनी लागली हे त्यांना दिसत नाही, म्हणून "ब्रेकियल लागली" असं म्हण. मावशी पाच मिनिटं शांत बसल्यात ना, हेही त्यांना ऐकू जाईल असं विचारून घे. पण स्टेथो कानाला लागला की गप्प, आणि मावशींनाही बोलू देऊ नकोस, बोलण्यानं आकडा चढतो. पुढे मैत्रिणीला मुद्दाम मधेच प्रश्न विचारायला सांग. हवा सोडताना प्रश्न आला तर, "मॅडम, रीडिंग घेऊन सांगते."

ठोका हुकला तर हवा मधेच परत भरू नकोस. कफ पूर्ण रिकामा कर आणि सरळ सांग, "मॅडम, वरचा आकडा नीट ऐकू आला नाही. मिनिटभरानं परत घेते." हे म्हणायला लाजू नकोस. मनानं आकडा ठोकून देणारी पोर कोणत्याही परीक्षकाला आवडत नाही, आणि त्यांनी नंतर स्वतः बीपी घेतलं की ते उघडं पडतं. "नक्की एवढंच आहे का?" असं विचारतील. तेवढ्यावर आकडा बदलू नकोस. "मला 168/92 मिळालं, पुन्हा घेऊन दाखवू का?" इतकंच हळू आवाजात म्हण.

शेवटी कफ काढ, मावशींचा पदर नीट कर, हात धू आणि आकड्यासोबत वेळ, कोणता हात, बसून की झोपून, हे लिही. हात धुणं चेकलिस्टवर दोनदा असतं, दुसरं पोरी विसरतात.

रविवारी फोन कर. मी परीक्षक होऊन विचारीन, तू पायऱ्या सांग.

तुझी,
आई