विसर्जनानंतर तळाचा गाळही तपासा

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

विसर्जनाच्या आधी, विसर्जन चालू असताना आणि नंतर असे तीन वेळा पाणी तपासावे, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण काठावरून भरून आणलेल्या बाटलीभर पाण्यावरून पीओपीचा हिशेब लागत नाही, म्हणून हे पत्र.

पीओपीची मूर्ती घट्ट झाली की ती जिप्सम असते. एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम अडीच ग्रॅम विरघळते, तेही फार सावकाश. आता वीस हजार लिटरचा कृत्रिम हौद धरा. त्यात फार तर पन्नास किलो जिप्सम विरघळेल, म्हणजे पाच-पाच किलोच्या दहा मूर्ती. अशा शंभर मूर्ती आल्या, तर उरलेल्या नव्वदींचे वजन कितीही दिवस थांबले तरी तळाशीच राहणार. त्या हौदाचे पाणी मात्र दिसायला स्वच्छ असेल. प्रत्यक्षात त्यात लिटरमागे हजार मिलिग्रॅमहून जास्त सल्फेट असू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी इष्ट मर्यादा २०० आहे. हे पाणी नाल्यात सोडले, तर हौद बांधून साधले काय?

शाडूची गोष्ट वेगळी आहे. शाडूची मूर्ती बादलीत ठेवली की काही तासांत ढासळते आणि सकाळी तळाशी मऊ चिखल मिळतो. पण ती ऑइलपेंटने रंगवलेली असेल, तर त्या चिखलावर रंगाचे पापुद्रे पडलेले दिसतात. माती विरघळत नाही, ती गाळ होऊन बसते. लहान तळ्यात दरवर्षी इतका गाळ पडला तर तळे उथळ होत जाते. म्हणून 'शाडू' एवढी चिठ्ठी पुरेशी नाही. रंग कोणता, तेही पाहायला हवे. रंगात शिसे किंवा क्रोमियम असेल, तर ते बहुतांशी गाळालाच चिकटून बसते. पाण्याचा अहवाल निर्धोक येतो, धातू मात्र तळाशी असतो.

तळाला प्राणवायू संपला की तिथले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच, आणि माशांना हा वायू विषारी असतो. हे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दिसत नाही; त्याला काही आठवडे लागतात.

म्हणून माझी मागणी अशी. नमुना वरच्या पाण्याचा, तळाजवळच्या पाण्याचा आणि गाळाचाही घ्यावा. सल्फेट, कठीणपणा आणि विद्युतवाहकता मोजावी. विरघळलेला प्राणवायू पहाटे, तळाजवळ मोजावा, कारण तो तेव्हाच सर्वांत कमी असतो. शेवटची तपासणी महिन्याभराने पुन्हा करावी. हौदात किती किलो मूर्ती आल्या, गाळ किती निघाला आणि पाणी कुठे सोडले, याची नोंद पालिकेने अहवालासोबत जाहीर करावी. येत्या गणेशोत्सवाआधी तसा आदेश निघावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका