‘फौजी’ पहिली की ‘दिल दरिया’?

महोदय,

शाहरुख खानची पहिली मालिका ‘फौजी’, असे सरसकट छापले जाते. प्रसारणापुरते ते बरोबर आहे. ‘फौजी’ 1989 मध्ये दूरदर्शनवर आली. पण दिग्दर्शक लेख टंडन यांच्या ‘दिल दरिया’चे चित्रीकरण 1988 मध्येच सुरू झाले होते. ती रखडली आणि ‘फौजी’ पुढे निघून गेली. (चित्रपटांतही तसेच झाले: ‘दिल आशना है’ मागे राहिला आणि ‘दीवाना’ आधी प्रदर्शित झाला!) म्हणून ‘पहिली’ लिहिताना चित्रीकरण की प्रसारण, हे सांगावे. प्रसारणाची तारीख जुन्या अंकांतील दूरदर्शनच्या कार्यक्रमांच्या चौकटीत सापडते. मात्र तिथे फक्त मालिकेचे नाव असते. नट नेमका कितव्या भागात आला, हे त्या भागाची श्रेयनामावली पाहूनच कळते.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे