डॉलरच्या कर्जाचा पूर्ण दर छापावा

महोदय,

रुपयात ९ टक्के व्याज कशाला भरता, डॉलरमध्ये ५ टक्क्यांनी कर्ज घ्या, असा सल्ला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारांना सर्रास दिला जातो. मी फाउंड्रीवाल्यांचे हिशेब पाहतो. या सल्ल्यात निम्मी गोष्ट सांगायची राहते आणि तीच महागात पडते, म्हणून हे पत्र.

समजा डॉलर ८० रुपयांना आहे आणि मशिनसाठी वर्षभराच्या मुदतीने १ लाख डॉलर, म्हणजे ८० लाख रुपये उचलले. वर्षअखेर १ लाख ५ हजार डॉलर फेडायचे. त्या डॉलरचा भाव आजच पक्का करायला, म्हणजे फॉरवर्ड बुक करायला गेलात, तर बँक ८० सांगणार नाही, सुमारे ८३ रुपये ५ पैसे सांगेल. गुणाकार केला की ८७ लाख २० हजार होतात. रुपयातले ८० लाख ९ टक्क्यांनी घेतले असते, तरी एवढेच भरावे लागले असते. हा योगायोग नाही. फॉरवर्डचा भाव याहून स्वस्त असता, तर बँकांनीच डॉलर उचलून रुपयात गुंतवले असते, परतफेडीचे डॉलर फॉरवर्डने घेऊन ठेवले असते आणि त्या खरेदीनेच भाव वर चढला असता. आपल्याकडे परकीय भांडवलावर निर्बंध असल्याने थोडा फरक उरतो, पण तो ४ टक्के नसतो. कोणी तेवढा दाखवलाच, तर कव्हर, म्हणजे भाव असा पक्का करून ठेवणे, पूर्ण मुदतीचे आहे की पहिल्या काही महिन्यांचेच, हे आधी विचारावे.

‘कव्हर नकोच, रुपया एवढा पडत नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. व्याजातल्या फरकाइतका रुपया दरवर्षी घसरतोच असे नाही, हे खरे. काही वर्षे तो जागचा हलत नाही आणि मग एकदम कोसळतो. मे २०१३ मध्ये डॉलर ५५ च्या आसपास होता, २८ ऑगस्टला ६८ च्या वर गेला. कव्हर न घेतलेल्याची १ लाख डॉलरची मुद्दल तीन-साडेतीन महिन्यांत १३ लाखांनी फुगली.

निर्यातदाराला डॉलर येतच असतात, त्यामुळे ही जोखीम त्याला नाही. पण कर्ज त्यालाही स्वस्त पडत नाही. येणारे १ लाख ५ हजार डॉलर फॉरवर्डने विकून त्याला साधारण ३ लाख २० हजार जास्त मिळाले असते. ते कर्जफेडीत गेल्यामुळे मिळत नाहीत. त्यात ५ टक्के व्याजाचे ४ लाख मिळवा. ७ लाख २० हजार, म्हणजे पुन्हा ८० लाखांवर ९ टक्केच!

आपण रोज डॉलर, सोने-चांदी आणि गुळाचे दर छापता. त्याच चौकटीत डॉलरचा एक वर्षाचा फॉरवर्ड प्रीमियम, म्हणजे फॉरवर्डचा भाव आजच्या भावाहून किती जास्त आहे, तोही टक्केवारीत द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक हिशेबनीस, शाहूपुरी, कोल्हापूर