खुले पत्र: माझा मुलगा गेला, आणि कंपनीला म्हणे मनच नाही

प्रति,
माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
नवी दिल्ली

विषय: कारखान्यातील मृत्यूबद्दल कंपनीवर फौजदारी जबाबदारी टाकणारा कायदा करण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. मी बडोद्याची. रावपुऱ्यात एका वकिलांच्या ऑफिसात चौतीस वर्षं टायपिंग केलं, गेल्या वर्षी डोळ्यांनी हात टेकले म्हणून सोडलं. दुसऱ्यांची दुःखं कार्बन घालून तीन प्रतींत टाइप करण्यात आयुष्य गेलं. हे पत्र माझ्या स्वतःच्या दुःखाचं आहे, त्यामुळे चुका झाल्यास माफी असावी.

11 सप्टेंबर 2024 ला, गौरींच्या जेवणाच्या दिवशी, माझा धाकटा मुलगा शहराबाहेरच्या एका रसायनाच्या कारखान्यात टाकीत उतरला आणि वर आला नाही. सव्वीस वर्षांचा होता. ठेकेदाराकडे होता, म्हणजे कंपनीच्या हजेरीपुस्तकात त्याचं नावही नव्हतं. त्या आठवड्यात घरी आलेल्या एका मोठ्या साहेबांनी माझ्यासमोर चहाचा कप धरून सांगितलं होतं, "ताई, कितीही मोठा माणूस असो, सोडणार नाही." आता आरोपपत्राची नक्कल माझ्या हातात आहे. त्यात दोन नावं आहेत: पाळीचा सुपरवायझर आणि ठेकेदार. कंपनीचं नाव का नाही, असा अर्ज केला तर उत्तर आलं की कंपनी ही कृत्रिम व्यक्ती असल्याने तिच्या ठायी गुन्हेगारी मन असू शकत नाही.

हे वाक्य लिहिणाऱ्याने कायद्याचं पुस्तक शेवटचं कधी उघडलं होतं कोण जाणे. "व्यक्ती" या शब्दात कंपनी येते, हे जुन्या दंड संहितेच्या कलम 11 मध्ये होतं आणि नव्या न्याय संहितेच्या व्याख्यांतही आहे. कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही म्हणून खटलाच चालवायचा नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 2005 मध्ये, स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात, तीन विरुद्ध दोन मतांनी निकालात काढला. कैद शक्य नसेल तर दंड करा, म्हणाले. मग 2010 मध्ये इरिडियम विरुद्ध मोटोरोला. तिथे प्रश्न फसवणुकीचा होता, म्हणजे मनात हेतू असल्याशिवाय होतच नाही असा गुन्हा. कोर्टाने सांगितलं, कंपनी ज्यांच्यामार्फत विचार करते आणि वागते त्यांचं मन तेच कंपनीचं मन. हे दोन्ही निकाल मी स्वतः कितीदा टाइप केले आहेत. तेव्हा मन असू शकत नाही, हे मला सांगू नका. मन कोणाचं धरायचं, एवढाच प्रश्न आहे. आणि माझा मुलगा त्याच प्रश्नात हरवला आहे.

काय झालं ते नीट सांगते, कारण "दुर्दैवी अपघात" हे दोन शब्द ऐकून कान किटले. ती टाकी म्हणजे रसायन शिजवायचं बंद भांडं. आतलं रसायन पेटू नये म्हणून त्यात नायट्रोजन भरून ठेवतात. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, तो विषारीही नाही. तो फक्त प्राणवायूची जागा घेतो. हवेत प्राणवायू एकवीस टक्क्यांच्या आसपास असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला तर आत जायचं नाही असा रिवाज आहे, आणि सहाच्या खाली माणूस एकदोन श्वासांत कोसळतो, त्याला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. म्हणून माणूस उतरवण्याआधी नायट्रोजनची लाइन सोडवून तिच्या तोंडावर पत्र्याची चकती बसवायची, तिला ब्लाइंड म्हणतात. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण व्हॉल्व्ह आतून गळतो. मग मीटरने हवा तपासायची, जाणकाराने लेखी दाखला द्यायचा, उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात. हे मी पदरचं सांगत नाही. तेव्हा लागू असलेल्या कारखाने कायदा 1948 चं कलम 36. दाखला आणि दोर दोन्ही तिथे लिहिलेले होते.

ब्लाइंड नव्हती. व्हॉल्व्ह गळत होता. दोर नव्हता. दाखला मात्र होता! परमिटच्या पुस्तकाच्या नकला मिळाल्या आहेत. 9 तारखेला प्राणवायू 20.9. दहाला 20.9. अकराला 20.9. तीच शाई, नऊचं शेपूट तसंच डावीकडे वळलेलं. मीटरवरच्या चिकटपट्टीप्रमाणे त्याच्या तपासणीची मुदत मार्चमध्येच संपली होती.

आता मनाकडे येते. सेफ्टी ऑफिसरने एप्रिल, जून आणि जुलै अशा तीन महिन्यांत तीन मेल लिहिले: ब्लाइंड हव्यात, बाहेरून हवा पुरवणारे मास्कचे दोन सेट हवेत, दरपत्रक जोडलं आहे, एक लाख चाळीस हजार. प्लांट हेडचं उत्तर एका ओळीचं: पुढच्या क्वार्टरला बघू. प्रत तांत्रिक संचालकाला. संचालकाचं उत्तर नाही. खरेदी समितीच्या बैठकीत विषय "स्थगित". संचालक मंडळापर्यंत कागद पोचलाच नाही.

बघा कसं वाटलं गेलं. धोका माहीत होता प्लांट हेडला, पण टाकीत माणूस त्याने उतरवला नाही. माणूस उतरवला सुपरवायझरने, पण मेल त्याने पाहिले नव्हते. पैसे अडवले समितीने, पण समितीला टाकी कुठे आहे तेही माहीत नसेल. प्रत्येकाकडे गुन्ह्याचा एकेक तुकडा, आणि पूर्ण गुन्हा कोणाकडेच नाही. सगळे तुकडे जोडले तर कंपनीला सगळं माहीत होतं आणि तिने सगळं केलं. पण आपल्या कायद्याला एकच डोकं लागतं, आणि तेही इतकं वरचं की कंपनी त्याच्यातूनच विचार करते असं म्हणता येईल. प्लांट हेड त्या पायरीवर आहे का? पोलीस म्हणतात, नाही, तो नोकर. मग संचालक? तिथे पोलिसांनी 2015 चा सुनील भारती मित्तल निकाल पुढे केला: कंपनीचा दोष आपोआप संचालकाच्या माथी मारता येत नाही, त्याची स्वतःची भूमिका आणि हेतू दाखवावा लागतो किंवा कायद्यात तशी स्पष्ट तरतूद लागते. निकाल चूक आहे असं मी म्हणत नाही. नुसत्या खुर्चीवर बसला म्हणून कोणाला आरोपी करू नये, हे मलाही पटतं. पण खालच्याचं मन वर चढत नाही, वरचा दोष खाली उतरत नाही, असा हा जिना आमच्यासाठीच बांधलाय का?

इंग्लंडमध्ये हे आधीच घडून गेलं आहे. 6 मार्च 1987 ला बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून एका इंग्रज कंपनीची फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि उलटली, 193 माणसं गेली. दरवाजा लावायचा तो खलाशी झोपला होता. पण दरवाजा लागला की नाही हे कळायला कप्तानासमोर दिवा बसवा, अशी मागणी कप्तानांनी आधीच केली होती आणि कचेरीतल्या साहेबांनी ती थट्टेवारी नेली होती. माझ्या मुलाच्या प्रकरणातले ते तीन मेल आणि त्यांचा तो दिवा, फरक सांगा! चौकशीत दोष वरपासून खालपर्यंत सापडला, तरी 1990 मध्ये कंपनीवरचा मनुष्यवधाचा खटला कोसळला. कारण तेच, वेगवेगळ्या माणसांच्या चुकांची बेरीज करून कंपनीचं एक दोषी मन तयार करता येणार नाही.

त्यांनी निदान पुढे कायदा तरी बदलला. 2007 चा कॉर्पोरेट मनुष्यवध कायदा एक डोकं शोधत बसत नाही. वरिष्ठ व्यवस्थापनाने काम ज्या पद्धतीने चालवलं, त्या पद्धतीचाच त्या घोर निष्काळजीपणात मोठा वाटा होता का, एवढं विचारतो. वरिष्ठ म्हणजे फक्त संचालक मंडळ नव्हे. कंपनीच्या कामाच्या मोठ्या भागाबद्दल निर्णय घेणारा किंवा तो भाग चालवणारा. आमचा प्लांट हेड त्यात येईल असं मला वाटतं. तीन मेल, एक स्थगिती, एक मौन, सगळं एकत्र मोजता येईल. त्या कायद्याखाली पहिली शिक्षा, 2011 मध्ये, एका छोट्याच कंपनीला झाली, हे मला माहीत आहे. मोठे मासे तिथेही सहज लागत नाहीत. पण निदान जाळं तरी विणलं.

आमच्याकडे काय? तेव्हाच्या कारखाने कायद्याखाली मन शोधावं लागत नव्हतं, एक संचालक भोगवटादार म्हणून आपोआप जबाबदार धरला जायचा. म्हणून तिथे कंपनीचे दोघे गुन्हा कबूल करून मोकळे झाले. दोघांचा मिळून दंड एक लाख वीस हजार. त्या कायद्यातच प्रत्येकी कमाल एका लाखाची होती, मृत्यू झाला तर किमान पंचवीस हजार. मास्कचे सेट एक लाख चाळीसचे. वीस हजार वाचले, अभिनंदन! या कंपनीची उलाढाल चारशे कोटींची, कोणी साडेचारशे म्हणतं.

आणि मी कोणत्या राज्यात राहते म्हणून बोलू? शेजारच्या भोपाळचं काय झालं? 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा आरोप निष्काळजीपणावर आणला, आणि 2010 मध्ये, वायुगळतीनंतर सुमारे सव्वीस वर्षांनी, अधिकाऱ्यांना दोन वर्षं आणि भारतीय कंपनीला पाच लाखांच्या आसपास दंड. हजारो माणसं. भागाकार तुम्हीच करा, माझ्याने होत नाही. देशात कारखान्यांत रोज तीन कामगार मरतात असं कुठेसं वाचलं, आकडा इकडेतिकडे असेल. फसवलेल्या शेअरधारकांसाठी समित्या बसतात, कर बुडाला तर धाड पडते. टाकीत उतरणाऱ्याचा ठेकाच वेगळा.

मला माहीत आहे, हे पत्र आपल्याकडे टिकणार नाही. न्याय संहिता गृहखात्याची, कंपनी कायदा कंपनी व्यवहार खात्याचा, कारखाने कामगार खात्याचे. फाइलच्या तुकड्यांवर तीन मंत्री, आणि पूर्ण फाइल कोणाकडेच नाही. ओळखीचं वाटतं ना?

मागणं दोन. मृत्यूसाठी कंपनीला थेट जबाबदार धरणारं कलम करा, ज्यात वरिष्ठ व्यवस्थापनाच्या निर्णयांची बेरीज चालेल. आणि दंड उलाढालीच्या प्रमाणात ठेवा. सुपरवायझरला फाशी द्या असं मी म्हणत नाही. त्याची बायको माझ्याकडे येऊन रडून गेली. ती पस्तिशीची आहे आणि त्या पाळीला तोच एकटा हजर होता.

परमिटच्या पुस्तकाच्या नकलांत एक पान शेवटी होतं, मी ते पहिल्यांदा उलटलंच नव्हतं. 12 सप्टेंबरचं. त्या दिवशी कारखाना बंद होता, आम्ही स्मशानातून आदल्या रात्रीच आलो होतो. सही झालेली आहे, उतरणाऱ्याचं नाव कोरं आहे, आणि प्राणवायूच्या रकान्यात 20.9.

आपली,
एक आई, दांडिया बाजार, बडोदा